भिंत चारशे फूट, रंग किती?

खोली रंगवायची ठरली की घरात आधी शेडकार्ड उघडतं. रंग फिकट हवा की गडद यावर दोन संध्याकाळी जातात आणि खर्चाचा आकडा मात्र पेंटर सांगेल तो. खरं तर हा हिशेब टेप, कागद आणि डब्यावरची बारीक अक्षरं एवढ्यावर घरीच करता येतो.

पहिली चूक होते ती मापात. खोली १२ बाय १० म्हणजे १२० चौरस फूट हे सगळ्यांना पाठ असतं, पण रंग जमिनीला लावायचा नसतो. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट आणि उंची १० फूट धरली, तर भिंती ४४० चौरस फूट भरतात. त्यातून ७ बाय ३ चा दरवाजा आणि ५ बाय ४ ची खिडकी वजा केली की ३९९, म्हणजे चारशेच धरावेत. छताचे १२० फूट वेगळे, कारण तिथे बहुधा पांढरा रंग असतो. ‘कार्पेटच्या इतके पट’ असा ठोकताळा बरेच ठेकेदार लावतात; लहान आणि मोठ्या खोलीला तो सारखा बसत नाही. याच उंचीचा २० बाय १२ चा हॉल जमिनीने दुप्पट आहे, पण त्याच्या भिंती दरवाजे-खिडक्यांसकट ६४० फूट, म्हणजे जेमतेम दीडपट.

आता डबा. चांगल्या इमल्शनच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एका लिटरला १४० ते १६० चौरस फूट’ असं काहीसं लिहिलेलं असतं आणि खरी गफलत इथेच होते. हा आकडा किती हातांचा आहे, तेही शेजारीच छापलेलं असतं. आपल्याकडे तो पुष्कळदा दोन हातांचा असतो. काही ठिकाणी एका हाताचा देतात, मग तोच रंग २८० ते ३२० दाखवतो. दोन हातांचे १४० धरले, तर ४०० भागिले १४० म्हणजे २.८६, थोडक्यात तीन लिटर. हाच आकडा एका हाताचा समजून कोणी पुन्हा दुप्पट केला, तर जवळजवळ सहा लिटर रंग घरी येतो. मशीनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार परत घेत नाही.

छापलेला आकडा गुळगुळीत, रंग कमी शोषणाऱ्या भिंतीचा असतो. खरबरीत किंवा प्रायमर न मारलेली भिंत जास्त रंग पिते, म्हणून आकड्यांच्या पट्ट्यातला लहान आकडाच धरावा. गडद भिंतीवर फिकट रंग द्यायचा असेल, तर तिसरा हात लागण्याची शक्यता मोठी. त्याला आणखी दीड लिटर आणि त्याची मजुरी.

मजुरी भिंतीच्या फुटावर ठरते, लिटरवर नाही. समजा, जुनी भिंत धड आहे, घासून, भेगा भरून दोन हात मारायचे आहेत आणि पेंटरने फुटाला ९ रुपये सांगितले. मजुरी झाली ३,६००. रंग ४५० रुपये लिटरने तीन लिटर, म्हणजे १,३५०. एकूण ४,९५०. आता २५० रुपयांचा हलका रंग आणला आणि तो दोन हातांत लिटरला १०० फूटच झाकत असेल, तर चार लिटर लागून १,००० रुपये होतात. लिटरमागे २०० वाचल्यासारखे वाटले, पण अख्ख्या खोलीत वाचले ३५०. हलका रंग वर्षभर आधी खराब झाला, तर ३,६०० ची मजुरी तेवढी लवकर पुन्हा द्यावी लागेल.

खर्च उसळतो तो भिंतीच्या तयारीने. जुना रंग पोपडे धरत असेल, तर खरवडून पूर्ण पुट्टीचे दोन हात आणि प्रायमर करावा लागतो. चारशे फुटांना पुट्टीची ४० किलोची एक गोणी आणि साधारण चार लिटर प्रायमर लागतो. गोणीचे हजार, प्रायमरचे सहाशे आणि रंगासकट सगळ्या कामाची मजुरी फुटाला २२ रुपये धरली, तर तीच खोली ११,७५० वर जाते. भिंतीला ओल असेल, तर आधी गळती काढावी. नाहीतर ही पुट्टी फुगून सुटते.

काम ‘मटेरियलसकट’ दिलं असेल, तर रंगात पाणी किती पडतं याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. प्रमाणाबाहेर पातळ केलेला रंग भिंतीवर ओघळतो आणि दुसरा हात वाळल्यावरही बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकला की खालचा रंग डागाडागांत दिसतो. लिहून घेताना म्हणूनच चार गोष्टी नोंदवाव्यात: मोजलेले फूट, रंगाचं नाव, हात किती, आणि पुट्टी सगळीकडे की फक्त टचअप. सीलबंद डबे घरच्यांसमोरच उघडायचे, हेही त्यातच लिहावं.