दहा नॅनोसेकंदांचा निरोप

मनगटी घड्याळातले क्वार्ट्झचे स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. मोबाइल संच, वीजमीटर, मोटारीतील नियंत्रक अशा असंख्य उपकरणांतही वेळ मोजण्यासाठी हेच मंद, अल्पशा विजेवर चालणारे स्फटिक वापरले जाते. त्याच्या शेजारी प्रोसेसर मात्र स्वतःच्या वेगळ्या आणि कितीतरी द्रुत क्लॉकवर धावत असतो. हे द्रुत क्लॉक १०० मेगाहर्ट्झचे आहे असे धरले, तर त्याचा एक ठोका १० नॅनोसेकंदांचा होतो. मंद क्लॉकचा एक ठोका सुमारे साडेतीस मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तेवढ्या अवधीत प्रोसेसरचे तीन हजारांहून अधिक ठोके पडून जातात.

आता प्रोसेसरला मंद बाजूच्या मोजणी-मंडलाला एकच गोष्ट सांगायची आहे: ‘मोजणी शून्यावर आण.’ डिजिटल मंडलांच्या रीतीप्रमाणे तो एका ठोक्यापुरती एक तार ० वरून १ वर नेतो आणि लगेच खाली आणतो. या क्षणिक उंचावण्याला पल्स किंवा स्पंद म्हणतात. पण मंद बाजूचे फ्लिप-फ्लॉप त्या तारेकडे फक्त स्वतःचा ठोका पडतो त्या क्षणीच पाहते. प्रमाण बदलून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. एखादा गृहस्थ तासातून एकदाच क्षणभर गॅलरीत डोकावतो आणि खाली रस्त्यावरून कोणीतरी त्याला जेमतेम सव्वा सेकंद हात करतो. दोघांची गाठ पडण्याची शक्यता तीन हजारांत एक.

येथे एक गैरसमज हमखास आढळतो. दुसऱ्या क्लॉकच्या प्रदेशात जाणारा संकेत एकापाठोपाठ एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपांतून न्यावा, हा नियम अभियांत्रिकीचे विद्यार्थी पाठ करतात. तो खराच आहे, परंतु त्याचे काम निराळे. संकेत बदलत असतानाच नेमका ठोका पडला तर फ्लिप-फ्लॉप काही काळ धड ० ही नाही आणि धड १ ही नाही अशा अधांतरी अवस्थेत अडकू शकते. तीच मेटास्टॅबिलिटी. अमेरिकेत चेनी आणि मॉलनार यांनी १९७३ साली आपल्या शोधनिबंधात या अवस्थेची मोजमापे मांडली होती. दुसरे फ्लिप-फ्लॉप पहिल्याला सावरण्यासाठी एक संपूर्ण ठोका देते, इतकेच. जो स्पंद पहिल्याने पाहिलाच नाही, तो दुसरे कोठून दाखवणार?

स्पंद लांबवणे हा एक सरळ उपाय आहे. तार मंद क्लॉकच्या दीड ठोक्याइतका वेळ, म्हणजे प्रोसेसरचे सुमारे ४,६०० ठोके, उंच ठेवायची. पण हा आकडा दोन्ही क्लॉकच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग सतत कमीजास्त करण्याची आजची पद्धत आहे. वेग वाढला की जुना हिशेब अपुरा पडतो.

टॉगल सिंक्रोनायझर या भानगडीत पडतच नाही. हात करण्याऐवजी दारावरची पाटी उलटी करून ठेवावी, तसे तो करतो. प्रत्येक घटनेला प्रोसेसरच्या बाजूचे एक फ्लिप-फ्लॉप आपली स्थिती पालटते: ० असेल तर १, १ असेल तर ०. मग ते तसेच राहते. तासाने डोकावणाऱ्या गृहस्थाला पाटी बदललेली दिसतेच. मंद बाजूला ही पातळी नेहमीच्या दोन फ्लिप-फ्लॉपांतून घेतली जाते आणि तिची आधीची स्थिती तिसऱ्यात जपली जाते. दुसऱ्या व तिसऱ्याची तुलना एक्स-ऑर गेट करते. दोन्ही वेगळी असतील तेवढा एक ठोका त्याचे उत्तर १ येते. हाच मंद बाजूचा नवा स्पंद. मूळ घटनेनंतर तो मंद क्लॉकच्या एक ते दोन ठोक्यांत, म्हणजे सुमारे ३० ते ६१ मायक्रोसेकंदांत उमटतो. पल्स सिंक्रोनायझर म्हणतात तो बहुधा हाच: आत स्पंद, मध्ये पातळी, बाहेर पुन्हा स्पंद.

हेच मंडल उलट दिशेनेही चालते. मंद बाजूचा स्पंद जसाच्या तसा प्रोसेसरकडे पाठवला, तर एकच घटना त्याला तीन हजार ठोके दिसत राहील. तुलना मात्र बदलाची होत असल्याने घटना एकदाच मोजली जाते.

दोष उरतो तो घाईचा. समजा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने खबरदारी म्हणून ‘शून्यावर आण’ ही आज्ञा एका मायक्रोसेकंदाच्या अंतराने दोनदा दिली. पाटी उलटली आणि पुन्हा सुलटी झाली. मंद क्लॉकचा ठोका नेमका त्या दोहोंच्या मध्ये पडण्याची शक्यता तिसात एक. एरवी पलीकडे काही घडल्याची खबरही नाही. दोनदा सांगितले म्हणून एकदाही ऐकू गेले नाही! प्रयोगशाळेत आज्ञा सावकाश, एकेक करून तपासल्या जात असतील तर हा दोष दिसणारही नाही. तो ओळखण्याची एक खूण मात्र आहे. पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या घटना दोन्हीकडे मोजाव्यात. घाईमुळे घटना हरवतात त्या नेहमी जोडीने, म्हणून दोन आकड्यांतला फरक सम येतो. सर्व निरोप पोहोचायला अवधी दिल्यानंतरही फरक विषम राहिला, तर दोष अन्यत्र शोधावा.

तो अन्यत्र म्हणजे बहुतेक वेळा रीसेटपाशी. पाटी १ वर असताना प्रोसेसर झोपी गेला आणि जागा होताना त्याच्या बाजूचे फ्लिप-फ्लॉप ० वर आणले गेले, तर मंद बाजूला हा निखळ बदलच दिसतो. कोणीही न सांगता मोजणी शून्यावर येते. वीजमीटरसारख्या उपकरणात ही चूक नुसती गैरसोयीची राहत नाही. म्हणून टॉगल करणारे फ्लिप-फ्लॉप कधीही वीज न तुटणाऱ्या भागात ठेवतात, किंवा एका बाजूच्या रीसेटच्या वेळी दुसऱ्या बाजूचीही स्थिती जुळवून घेतात.

घाईवरचा उपाय पोचपावतीचा. मंद बाजूने पाहिलेली पातळी पुन्हा दोन फ्लिप-फ्लॉपांतून प्रोसेसरकडे परत आणायची आणि मूळ पातळीशी ताडून पाहायची. दोन्ही वेगळ्या असतील तोवर ‘व्यस्त’ असा संकेत राहतो आणि नवी आज्ञा थोपवली जाते. अनेक मायक्रोकंट्रोलरच्या माहितीपुस्तकांत वेळेच्या रजिस्टरमध्ये लिहिल्यावर अमुक बिट बदलेपर्यंत थांबा, अशी सूचना असते. तिच्यामागे बहुधा अशीच वाट पाहणे दडलेले असते. प्रोसेसरच्या हिशेबाने हा काळ थोडाथोडका नव्हे. एका निरोपासाठी सहा हजारांपर्यंत ठोके जाऊ शकतात. ज्या घटना इतक्या थांबूच शकत नाहीत, त्या एकेक करून पाठवण्याऐवजी द्रुत बाजूलाच मोजून त्यांची संख्या ग्रे संकेतात पलीकडे धाडावी लागते. त्या संकेतात एका वेळी एकच बिट बदलते, त्यामुळे मंद बाजूने केव्हाही डोकावले तरी तिला आताची किंवा नुकतीच मागे पडलेली संख्याच वाचायला मिळते.