दारूनंतर पोटात उठणारी कळ आणि स्वादुपिंडाचा दाह

भरपूर दारू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोटात कळ आली की घरात बहुतेक वेळा ‘अ‍ॅसिडिटी झाली’ असेच म्हटले जाते. थंड दूध, सोडा, अ‍ॅसिडिटीची गोळी असे उपाय होतात आणि त्यात पाच-सहा तास जातात. ही कळ स्वादुपिंडाच्या दाहाची, म्हणजे पॅनक्रियाटायटिसची असेल, तर हेच तास उपचाराच्या दृष्टीने फार मोलाचे असतात.

या कळेची काही ओळख आहे. ती बेंबीच्या वर, मधोमध असते आणि बऱ्याच जणांना थेट पाठीत गेल्यासारखी वाटते. ती येऊन-जाऊन होत नाही, तर वाढत जाऊन टिकून राहते. उताणे झोपले की वाढते, म्हणून रुग्ण पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसतो. उलट्या होतात, पण उलटी झाल्यावर अ‍ॅसिडिटीत जसे बरे वाटते तसे इथे वाटत नाही. बऱ्याचदा कळ पिताना नाही, तर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी सुरू होते. त्यामुळे ‘काल तर काही झाले नाही’ म्हणून दारूचा संबंध नाकारू नका.

आत काय होते?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. ते अन्न पचवणारे तीव्र पाचकरस तयार करते. हे रस आतड्यात पोहोचेपर्यंत निष्क्रिय असतात, कारण ते आधीच जागे झाले तर ज्या ग्रंथीने बनवले तिलाच पचवू लागतील. दाहात नेमके हेच घडते. दारूमुळे ग्रंथीच्या पेशींना थेट इजा होते, बारीक नलिकांत रस घट्ट होऊन अडतो आणि पाचकरस जागच्या जागी सक्रिय होतात. ग्रंथी सुजते, आजूबाजूला पाणी साचते आणि रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते. म्हणूनच या आजारात सुरुवातीला सलाईनला इतके महत्त्व आहे.

किती दारूने हे होते, असा प्रश्न हमखास येतो. रोज साधारण ५० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, तेही काही वर्षे, यापुढे धोका स्पष्ट वाढतो. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम असते. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, ६५० मिलीच्या एका स्ट्राँग बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असते. सोबत सिगारेट किंवा बिडी असेल तर धोका आणखी वाढतो.

एक उदाहरण

समजा, ३६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दहा वर्षे रोज रात्री एक क्वार्टर. शनिवारी भावाच्या हळदीला त्याहून बरीच जास्त झाली. रविवारी संध्याकाळी कळ सुरू झाली, रात्रभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या आणि सोमवारी सकाळी ते दवाखान्यात आले. पहिला ईसीजी काढतात, कारण हार्ट अटॅकची कळही कधी कधी इथेच जाणवते. मग रक्तातील लायपेज तपासले. प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ६० होती आणि त्यांचे आले १४००. अशी कळ आणि मर्यादेच्या तिपटीहून जास्त लायपेज, एवढ्यावर निदान पक्के होते. सोनोग्राफीत ‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’ असे लिहून आले. याचा अर्थ ते ठीक आहे असा होत नाही. सोनोग्राफी मुख्यतः पित्ताशयातील खडे पाहण्यासाठी असते, कारण खड्यांमुळेही हाच आजार होतो.

लायपेज १४०० म्हणजे फार गंभीर आणि ४०० म्हणजे सौम्य, असे मात्र नसते. गांभीर्य श्वास, लघवीचे प्रमाण, रक्तदाब आणि किडनीच्या तपासण्यांवरून कळते. बहुतेकांचा दाह आठवड्याभरात ओसरतो. साधारण पाचांपैकी एकाला मात्र तो गंभीर होतो. ग्रंथीचा भाग मरतो, फुप्फुस आणि किडनी अडचणीत येतात आणि आयसीयूची वेळ येते. म्हणून धाप लागणे, लघवी कमी होणे, भोवळ येणे किंवा पोट फुगून कडक होणे, यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

या गृहस्थांना सलाईन, वेदनाशामक आणि दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे पातळ अन्न सुरू झाले. कळ कमी झाली. पण तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले, ते घामाघूम झाले आणि असंबद्ध बोलू लागले. दाखल होताना ‘कधीतरी घेतो’ असे सांगितले होते. रोजची दारू एकदम बंद झाल्याचा हा परिणाम होता आणि त्यावर औषध आहे, पण ते वेळेवर सुरू करायला खरे प्रमाण माहीत असावे लागते. वडिलांसमोर सांगता येत नसेल, तर पत्नीने किंवा भावाने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे.

ते घरी गेले. चार महिने काही घेतले नाही, मग बिअर सुरू झाली. पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन अटॅक आले.

वारंवार दाह झाल्यावर

प्रत्येक दाहात ग्रंथीचा काही भाग चट्ट्यासारखा कडक होतो आणि नलिकांत कॅल्शियमचे खडे धरतात. हा भाग पूर्ववत होत नाही. ग्रंथीकडे राखीव क्षमता खूप असते, साधारण ९० टक्के काम बंद पडेपर्यंत पचनाची तक्रार येत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. मग वजन उतरू लागते. शौच फिकट, तेलकट, दुर्गंधी आणि पाणी टाकूनही न जाणारे होते. कारण तूप-तेल पचतच नाही.

यावर एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर आणि मोठे जेवण असेल तर मध्येही घ्यायच्या. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तासाने घेतल्या तर उपयोग होत नाही. बहुतेक कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. आहार किंवा धर्मामुळे अडचण असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोला.

इन्सुलिनही याच ग्रंथीत बनते, त्यामुळे पुढे मधुमेह होतो. हा नेहमीच्या मधुमेहापेक्षा अवघड असतो, कारण साखर घसरली की ती वर आणणारे ग्लुकागॉनही कमी पडते. इन्सुलिन सुरू असलेल्याने जेवण टाळून दारू घेतली, तर साखर धोकादायक खाली जाते आणि बेशुद्ध पडलेल्या माणसाला घरचे ‘जास्त झाली’ समजून झोपू देतात. अशा वेळी लगेच ग्लुकोमीटरने साखर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडातून काही देऊ नका, थेट रुग्णालयात न्या.

पहिल्या अटॅकनंतर दारू पूर्ण थांबवणाऱ्यांत पुढचे अटॅक खूप कमी येतात. ‘प्रमाणात’ घेण्याची सुरक्षित मर्यादा या रुग्णांसाठी नाही. डिस्चार्जच्या वेळीच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची तारीख मागून घ्या. सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे आणि तिथे घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.