फाटकावरची नोंद पुसते कोण?
कुरिअरवाला आला की सोसायटीचा रखवालदार ॲपमध्ये त्याचा मोबाइल नंबर, फोटो आणि तुमचा फ्लॅट नंबर भरतो. तुम्ही फोनवर होकार देता. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची हार्डडिस्क भरली की जुन्या चित्रणावर आपोआप नवं चढतं. ॲपमधली नोंद मात्र मुदत ठरवली नसेल तर वर्षानुवर्षं राहू शकते. कामवाल्या मावशींच्या आणि पार्सलांच्या महिनाभराच्या वेळा एकत्र पाहिल्या, तर घर कधी रिकामं असतं याचा अंदाज येतो. मला हे कॅमेऱ्याहून धोक्याचं वाटतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हेतू संपल्यावर माहिती पुसण्याची तरतूद आहे. येत्या सर्वसाधारण सभेत सचिवांना विचाराच: नोंदी किती दिवसांनी पुसता आणि त्या कोणाकोणाला दिसतात?