बास्केट किती ग्रॅमची, कॉफी किती ग्रॅम?

एस्प्रेसोच्या यंत्राला लांब दांड्याचा जो पोर्टाफिल्टर अडकवतात, त्याच्या आत स्टीलची एक जाळीदार वाटी बसवलेली असते. तिला बास्केट म्हणतात. दळलेली कॉफी तिच्यात भरायची, टॅम्परने दाबून तिची घट्ट चकती करायची, पोर्टाफिल्टर यंत्रात फिरवून पक्का बसवायचा आणि बटण दाबायचे. चांगल्या बास्केटच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो: 14, 18, 20 किंवा 22. तो आकडा म्हणजे त्या बास्केटमध्ये किती ग्रॅम कॉफी भरावी याचे माप. घरी यंत्र आणणारी बरीच मंडळी दाणे आणि ग्राइंडरवर हजारो रुपये खर्च करतात, पण या आकड्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. कप एकाच वेळी आंबट आणि कडू का लागतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र अनेकदा तिथेच असते.

इटलीत या मोजमापाला जुनी शिस्त आहे. तिथल्या एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार एका कपाला साधारण 7 ग्रॅम कॉफी, सुमारे 9 बार दाब आणि 25 सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. त्यामुळे सिंगल बास्केट 7 ग्रॅमची आणि डबल 14 ग्रॅमची, हे गणित तिथे ठरलेले होते. पुढे इतर देशांतल्या कॅफेंनी दुधाच्या मोठ्या पेयांसाठी 18 ते 22 ग्रॅमचे डोस सुरू केले आणि बास्केटही खोल होत गेल्या. आज इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती 18 ग्रॅमच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. आपल्या यंत्राबरोबर आलेली बास्केट मात्र 18 ग्रॅमची असेलच असे नाही, आणि गडबडीला सुरुवात होते ती इथून.

दाबून सपाट केलेली चकती आणि यंत्रातून पाणी सोडणारी छिद्रांची चाळणी, म्हणजे शॉवर स्क्रीन, यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहायला हवी. ती साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास असते. एवढीशी जागा दोन कामे करते. एक म्हणजे चाळणीतून आलेले पाणी चकतीवर सगळीकडे पसरते आणि मगच दाब चढतो. दुसरे म्हणजे भिजल्यावर फुगणाऱ्या कॉफीला वर यायला वाव मिळतो. बास्केटवरच्या आकड्याचा खरा अर्थ हाच: एवढी कॉफी भरली, तर वर योग्य तेवढी जागा उरेल.

आता बास्केट ठासून भरली तर काय होते ते पाहू. पोर्टाफिल्टर यंत्रात सरळ वर ढकलून बसत नाही, तो फिरवून बसवावा लागतो. कॉफी काठापर्यंत आली असेल, तर फिरवताना चकतीचा वरचा थर चाळणीला घासतो. चाळणीच्या मध्यभागी बऱ्याच यंत्रांत एक स्क्रू असतो, तो चकतीत रुततो. इतक्या मेहनतीने सपाट केलेल्या चकतीला पाणी सुटण्याआधीच तडा जातो, आणि बहुधा तो कडेला, बास्केटच्या भिंतीलगत जातो. मग 9 बार दाबाचे पाणी त्या फटीत शिरते. पाणी नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. तिथून ते वेगाने वाहते, तिथली कॉफी धुऊन निघते आणि वाट आणखी रुंद होते. बरिस्ता मंडळी याला चॅनेलिंग म्हणतात. त्यातच वर जागा नसल्याने फुगलेली कॉफी चाळणीला चिकटते आणि पाणी पसरण्याऐवजी ठिकठिकाणी टोचल्यासारखे आत शिरते.

परिणामी एकाच चकतीत दोन प्रकारची कॉफी तयार होते. पाण्याच्या वाटेवरच्या कणांतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघतो आणि कडवट, तुरट चव उतरते. वाटेपासून दूर असलेले कण जेमतेम भिजतात आणि त्यांच्यातून फक्त आंबटपणा येतो. कपात हे दोन्ही एकत्र पडतात.

बास्केट अर्धवट भरली तर दुसऱ्या मार्गाने याच ठिकाणी पोचायला होते. मोकळ्या वाफ्यावर पाइपचे पाणी सोडले की पडेल तिथली माती उखडते, तसे उंचावरून पडणारे पाणी चकतीचा वरचा थर उखडते. शिवाय चकती पातळ असते. 18 ग्रॅमच्या बास्केटमध्ये 14 ग्रॅम भरले, तर जाडी पाचव्या हिश्श्याहून अधिक घटते. समजा, टॅम्पिंग करताना एका बाजूला एक मिलिमीटरचा उतार राहिला. 12 मिलिमीटरच्या चकतीत तो बारावा हिस्सा ठरतो, 8 मिलिमीटरच्या चकतीत आठवा. म्हणजे चूक तेवढीच, पण पातळ चकतीत ती जास्त महागात पडते. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या बास्केटमध्ये आणखी एक अडचण येते. कॉफी फार खाली असेल, तर टॅम्पर तिच्यापर्यंत नीट पोचण्याआधीच भिंतींत अडकतो. मग दाबली असे वाटते, पण आत ती सैलच असते.

पातळ चकतीतून शॉट दहा-बारा सेकंदांतच धो धो वाहतो. साहजिकच माणूस दळण बारीक करतो आणि वेळ पुन्हा 28 सेकंदांवर आणतो. पण बारीक करत जाण्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले. दळण एका हद्दीपलीकडे बारीक केले की अर्क वाढायच्या ऐवजी घटतो, कारण चकतीचा काही भाग तुंबतो आणि पाणी उरलेल्या भागातूनच वाट काढते. दोन लागोपाठच्या शॉटमधला फरकही वाढतो.

म्हणूनच घड्याळ आणि वजनकाटा या दोघांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. एक नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. एखाद्याच्या घरच्या यंत्राबरोबर आलेली डबल बास्केट जेमतेम 14 ग्रॅमची आहे. व्हिडिओत त्याने पाहिलेली पाककृती अशी: 18 ग्रॅम कॉफी, 36 ग्रॅम एस्प्रेसो, 28 सेकंद. तो 18 ग्रॅम भरतो. पोर्टाफिल्टर बसवताना जोर लावावा लागतो आणि बटण दाबल्यावर थेंब थेंब कॉफी येते. तो दळण जाड करतो. आणखी जाड करतो. शेवटी 28 सेकंदांत बरोबर 36 ग्रॅम पडतात. आकडे व्हिडिओतल्यासारखे जुळले, पण चव जिभेला झोंबणारी आणि शेवटी कडू. कारण जाड दळलेल्या, वरून तडकलेल्या चकतीतून ठरल्या वेळात पाणी तेवढेच आले, पण सगळीकडून आले नाही.

त्याच्याकडे तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर असता, तर ही गोष्ट डोळ्यांनी दिसली असती. चांगल्या शॉटमध्ये बास्केटच्या तळाशी सगळीकडे गडद थेंब जवळपास एकाच वेळी उमटतात आणि मध्यभागी एकत्र येऊन एकच धार होते. तडकलेल्या चकतीत मात्र एका कडेला फिकट पिवळा पट्टा आधी दिसतो, बारीक चिळकांडी उडते आणि दुसरी बाजू बराच वेळ कोरडी राहते.

यावर उपाय म्हणजे आकडे नव्हे, तर प्रमाण उचलायचे. 14 ग्रॅम कॉफी, दळण पुन्हा बारीक, कपात 28 ग्रॅम एस्प्रेसो. एकास दोन हे प्रमाण तेच राहिले, कप लहान झाला. कप मोठाच हवा असेल तर मोठी बास्केट घ्यावी, पण विकत घेण्याआधी खोली तपासावी. 20-22 ग्रॅमच्या खोल बास्केट दोन नळ्यांच्या काही पोर्टाफिल्टरमध्ये पूर्ण आत बसतच नाहीत. उलट, कमी कॅफिन हवे म्हणून मोठ्या बास्केटमध्ये 10 ग्रॅम टाकणाऱ्याने लहान बास्केट वापरावी, किंवा पूर्ण शॉट काढून तो दोघांत वाटावा.

बास्केटवर आकडाच नसेल तर तिचे माप घरी काढता येते. जाळीच्या बाजूने ती उजेडाकडे धरून तळ आधी पाहावा. दुहेरी तळाच्या, खाली एकच बारीक छिद्र असलेल्या बास्केटमध्ये दाब ते छिद्र तयार करते, त्यामुळे भरण्यातल्या चुका फेसाखाली लपतात. साध्या बास्केटसाठी कृती अशी. 12-13 ग्रॅम कॉफी 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर घ्यावी, भरून दाबावी आणि वर मधोमध, स्क्रूची जागा टाळून, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे स्वच्छ धुतलेले नाणे ठेवावे. अमेरिकेत यासाठी पाच सेंटचे नाणे वापरतात, त्याची जाडी 1.95 मिलिमीटर असते. पोर्टाफिल्टर यंत्रात बसवावा आणि पाणी न सोडता लगेच काढावा. नाणे जसेच्या तसे वर असेल, तर अर्धा ग्रॅम वाढवून पुन्हा पाहावे. ज्या वजनाला नाणे कॉफीत किंचित रुतते, ते त्या बास्केटचे वरचे टोक. ते खोल दाबले गेले तर अर्धा ग्रॅम मागे यावे. अर्थात, नाणे काढल्याशिवाय बटण दाबायचे नाही.

ही तपासणी पाणी सोडण्याआधीच करायची, याला कारण आहे. शॉट झाल्यावर चकतीवर चाळणीचा ठसा दिसला की बास्केट जास्त भरली, असा समज सर्रास आढळतो. पण योग्य मापाची चकतीही भिजून फुगते आणि चाळणीला टेकू शकते. तसेच वर पाणी साचलेली, चिखलासारखी चकती म्हणजे बास्केट कमी भरली, हेही नेहमी खरे नसते. शॉट संपताच उरलेला दाब आणि पाणी बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह लहान यंत्रांत बऱ्याचदा नसतो, तिथे चकती ओलीच निघणार.

एकदा काढलेले माप कायमचे मात्र धरू नये. ग्रॅम म्हणजे वजन आणि बास्केटला कळते ते आकारमान. गडद भाजलेले दाणे फुललेले आणि हलके असतात, फिकट भाजलेले दाट असतात. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून तयार केलेली मान्सून्ड मलबार तर मुळातच फुगलेली असते, आणि एस्प्रेसोच्या मिश्रणांत तिला मोठा मान आहे. अशी कॉफी गडद भाजलेली असेल, तर 18 ग्रॅमच्या बास्केटमध्ये ती 17 ग्रॅमलाच वर येऊ शकते. फिकट भाजलेली अरेबिका त्याच बास्केटमध्ये 19 ग्रॅमपर्यंत सहज मावते. बास्केट बनवणारेही साधारण एक ग्रॅम इकडेतिकडे चालेल असे सांगतात, ते यासाठीच. हल्ली चकतीवर ठेवण्याची धातूची जाळी मिळते. ती पाणी छान पसरवते, पण तिची स्वतःची जाडी दीड मिलिमीटरच्या पुढे असू शकते. ती वापरायला सुरुवात केली की डोस ग्रॅमभर कमी करून नाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी, या वेळी नाणे जाळीच्या वर ठेवून.