फोटोंच्या तीन प्रती: घरगुती बॅकअपची पद्धत

कुटुंबाचे फोटो जपण्यासाठी ३-२-१ हा नियम सर्वांत सोयीचा मानला जातो. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी घराबाहेर असावी. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरील आपल्या पुस्तकातून हा नियम रूढ केला. घरगुती वापरात त्याचा साधा अर्थ असा होतो: एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर.

या नियमात प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांचा एकमेकींपासूनचा वेगळेपणा महत्त्वाचा आहे. एकाच कारणाने तिन्ही प्रती जाता कामा नयेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत कपाटातल्या सगळ्याच वस्तू एकदम पाण्याखाली गेल्या. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच घरात असतील तर पुरापुढे, चोरापुढे किंवा आगीपुढे त्या दोन प्रती एकच ठरतात. म्हणून तिसरी प्रत बाहेर हवी.

याच्या उलट बाजूची चूक अधिक घरांत दिसते. फोटो फोनमध्ये आहेत आणि गूगल फोटोजमध्येही आहेत, म्हणजे दोन प्रती झाल्या, असे समजले जाते. प्रत्यक्षात ते सिंक असते. सिंकचे काम दोन्हीकडे सारखेच चित्र ठेवण्याचे, त्यामुळे गूगल फोटोजच्या अ‍ॅपमधून फोटो काढून टाकला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, नंतर कायमचा पुसला जातो. आयफोनच्या आयक्लाउड फोटोजमध्ये ही मुदत साधारण ३० दिवसांची असते. लहान मुलाच्या हाती फोन गेला आणि एक अल्बम पुसला गेला, तर ते दोन महिन्यांत कुणाच्या लक्षात येईलच असे नाही. त्यातच अँड्रॉइडवर ‘Free up space’ हे बटण आहे. बॅकअप झालेले फोटो ते फोनमधून काढून टाकते आणि त्यानंतर क्लाउडमधली प्रत ही एकमेव प्रत उरते. हे बटण वाईट नाही, पण ते लॅपटॉपवर फोटो उतरवून घेतल्यावरच दाबायचे असते.

आता एक नमुना कुटुंब घेऊ. घरात दोन अँड्रॉइड फोन, विंडोजचा एक लॅपटॉप आणि २००८पासूनच्या डिजिटल कॅमेऱ्याचे जुने फोटो आहेत. एकूण ४०,००० फोटो, सरासरी ३ एमबीचे, म्हणजे सुमारे १२० जीबी. व्हिडिओ आणखी ६० जीबी. एकूण १८० जीबीसाठी १ टीबीची हार्ड डिस्क पुढच्या काही वर्षांनाही पुरते. क्लाउडचे गणित मात्र वेगळे आहे. गूगलची १५ जीबीची मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते आणि १ जून २०२१पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात. म्हणजे या कुटुंबाला पैसे भरून जागा घ्यावीच लागेल. २०० जीबीची योजना घेतली तर ती वर्षभरात भरेल, हेही आधीच धरून चालावे.

क्लाउडवर चढवताना गुणवत्तेची सेटिंग तपासावी. ‘Storage saver’ निवडले असेल तर फोटो आकुंचित होतात, १६ मेगापिक्सेलहून मोठे असतील तर लहान केले जातात. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही. भिंतीवर लावण्यासाठी मोठा प्रिंट काढताना कळतो. तिसरी प्रत खरी प्रत हवी असेल तर ‘Original quality’ हाच पर्याय. पहिल्यांदा १८० जीबी चढवायला २० एमबीपीएस अपलोड वेगाने सलग २० तास लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. म्हणून हे काम चार-पाच रात्रींत वाटून घेणे बरे. पुढे दर महिन्याचे काम मिनिटांत होते.

पहिल्या प्रतीसाठी लॅपटॉपवर एकच मुख्य फोल्डर करावे, उदाहरणार्थ D:\Photos. त्यात वर्षाचे फोल्डर आणि वर्षाच्या आत ‘2023-05 लग्न’ अशी नावे. तारीख आधी लिहिली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. विंडोजचे तयार ‘Pictures’ फोल्डर यासाठी टाळलेले चांगले, कारण ते अनेकदा वनड्राइव्हशी जोडलेले असते आणि फाइल दिसते तिथे कधीकधी फक्त तिची खूण असते, मूळ फाइल क्लाउडवर असते. आयफोनवरही असेच घडते. ‘Optimize iPhone Storage’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर राहतो आणि केबलने फोनमधून उतरवायला गेल्यास तो पूर्ण आकारात मिळत नाही.

दर महिन्याला दोन्ही फोन केबलने जोडून DCIM फोल्डरमधले नवे फोटो या मुख्य फोल्डरात आणायचे. एवढ्यावर थांबले तर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो सुटतात. ते अँड्रॉइडवर DCIM मध्ये नसून ‘WhatsApp Images’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात आणि गूगल फोटोजमध्येही त्या फोल्डरचा बॅकअप स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. नातवंडांचे फोटो आजी-आजोबांकडे बहुधा याच मार्गाने येतात, आणि येताना लहान होऊन येतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. लग्नकार्यानंतर पाहुण्यांना एवढे एक सांगून ठेवावे.

आता दुसरी प्रत. फोटोंचा एक गुण बॅकअपच्या फार उपयोगी आहे: काढलेला फोटो पुढे बदलत नाही. हिशेबाची फाइल रोज बदलते, फोटो बदलत नाही. म्हणून हार्ड डिस्कवर फक्त भर घालायची. तिथले काही पुसायचे नाही आणि त्यावर काही लिहायचेही नाही. विंडोजमधल्या रोबोकॉपी या आज्ञेने हे नेमके करता येते.

```
robocopy "D:\Photos" "E:\Photos" /E /XC /XN /XO /R:2 /W:5 /UNILOG:D:\backup.txt
```

यात E: हे हार्ड डिस्कचे अक्षर आहे, ते दर वेळी तपासून घ्यावे. /E म्हणजे आतल्या सर्व फोल्डरांसह. /XC /XN /XO या तिघांमुळे जी फाइल हार्ड डिस्कवर आधीपासून आहे तिला हात लावला जात नाही, नवी तेवढीच जाते. /R:2 /W:5 म्हणजे फाइल वाचता आली नाही तर पाच-पाच सेकंदांनी दोनदा प्रयत्न करायचा. हे लिहिले नाही तर रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते. शेवटच्या भागामुळे केलेल्या कामाची नोंद होते आणि मराठी नावेही त्यात नीट उमटतात. इंटरनेटवर याच कामासाठी /MIR वापरण्याचा सल्ला सर्रास दिसतो. तो फोटोंसाठी घातक आहे: लॅपटॉपवर जे पुसले गेले ते /MIR हार्ड डिस्कवरूनही पुसते, म्हणजे पुन्हा तेच सिंक.

या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. फोटोत काही सुधारणा करून त्याच नावाने जतन केली तर सुधारलेला फोटो हार्ड डिस्कवर जाणार नाही, म्हणून त्याला नवे नाव द्यावे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कॉपी चालू असताना केबल निघाली किंवा वीज गेली तर एखादी फाइल अर्धवट राहू शकते आणि पुढच्या वेळी ती ‘आधीपासून आहे’ म्हणून वगळली जाईल. अशा वेळी नोंदीतली शेवटची फाइल शोधावी, ती हार्ड डिस्कवरून पुसावी आणि आज्ञा पुन्हा चालवावी.

काम झाले की हार्ड डिस्क काढून ठेवायची. कायम जोडलेली राहिली तर लॅपटॉपमध्ये शिरलेला, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरही पोहोचतो. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी फिरत्या तबकड्यांची साधी हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा स्वस्त आणि योग्य, कारण एसएसडी विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू कमी होतो. पावसाळी हवेत डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी.

ठेवलेली प्रत चांगली आहे की नाही हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. सहा महिन्यांतून एकदा हार्ड डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडावी. वेगवेगळ्या वर्षांतले दहाएक फोटो पूर्ण आकारात उघडावेत आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावा. बिघडलेल्या फोटोचा वरचा भाग ठीक दिसतो आणि खालचा राखाडी पट्टा होतो; लहान चित्रांच्या यादीत मात्र तो शाबूत दिसू शकतो. फोल्डर उघडायला नेहमीपेक्षा फार वेळ लागणे, कॉपी मध्येच अडकणे, आतून टकटक आवाज येणे ही डिस्क खराब होत असल्याची लक्षणे. टकटक सुरू झाली तर ती डिस्क लगेच बंद करावी आणि उरलेल्या दोन प्रतींवरून नव्या डिस्कवर सगळे उतरवावे. लक्षणे नसली तरी पाचेक वर्षांनी डिस्क बदलावी. जुनी फेकून न देता दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवली तर चौथी प्रत मिळते.

क्लाउडची प्रत बिघडत नाही, पण तिची किल्ली हरवते. सिम बंद पडले आणि पासवर्ड आठवत नसेल तर गूगल खाते परत मिळवणे अवघड होते. खात्याच्या सुरक्षा विभागात दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की एकदाच वापरता येणारे दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल त्यातल्या फोटोंसह पुसू शकते. वडिलांच्या खात्यात घरचे सगळे फोटो असतील आणि त्यांच्यानंतर ते खाते कुणी उघडलेच नाही, तर तिसरी प्रत अशीच जाते. यासाठी गूगलमध्ये ‘Inactive Account Manager’ ही सोय आहे. ३ ते १८ महिने खाते वापरले गेले नाही तर कुणाला कळवायचे आणि कोणता मजकूर त्यांना द्यायचा, हे खातेदाराने त्यात हयातीतच नोंदवून ठेवायचे असते. जास्तीत जास्त दहा जणांची नावे देता येतात.