‘व्याघ्रगणनेत सहभाग’ : पुढचा प्रश्न काय विचाराल?

सेमाडोह परिसरात वन्यजीव कामासाठी माणूस निवडताना बायोडेटात ‘व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅप लावले’ असं दिसलं, तर विचारा: एका जागी किती लावले, आणि का? काम केलेला सांगेल, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात.

हे वाचूनही सांगता येतं, हे खरं. म्हणून त्याच्या वाट्याचं काम विचारा: जागा कुणी निवडली? समोरच्या फ्लॅशनं फोटो पांढरे पडले तेव्हा काय केलं? घाबरलेला उमेदवार आकडा विसरेल, पण केलेलं काम सांगेल. ‘जागा वनरक्षकानं निवडली, मी कार्डं बदलली’ हे उत्तर ‘सगळं आम्हीच केलं’पेक्षा भरवशाचं.