चौकट : स्लाइडवरून निबंधाकडे

स्लाइडवरच्या मुद्द्याला बहुधा क्रियापद नसते आणि दोन मुद्द्यांमधला संबंध शिक्षकाने तोंडी सांगितलेला असतो. निबंधाच्या मसुद्यात या दोन्ही गोष्टी भरून काढाव्या लागतात. ‘१९७२ दुष्काळ, रोजगार हमी, १९७७ कायदा, २००५ केंद्र’ अशी स्लाइड असेल, तर आधी प्रत्येक तुकड्याचे पूर्ण वाक्य करावे, मग कशातून काय घडले ते ठरवावे. दुष्काळी कामे एका परिच्छेदात जातात, दोन्ही कायदे दुसऱ्यात. त्यांना सांधणारे वाक्य असे होईल : ‘दुष्काळात मिळालेले काम ही सरकारची तात्पुरती मदत होती; १९७७च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या ग्रामीण मजुराला ते हक्काने मागता येऊ लागले.’ वाक्याचा पहिला भाग मागचा परिच्छेद आवरतो, दुसरा पुढचा उघडतो. नुसते ‘तसेच’ चिकटवून हे साधत नाही. ‘त्यामुळे’ तर अधिकच फसवे. २००५च्या केंद्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता, पण तेवढे एकच कारण नव्हते. परिच्छेदांची अदलाबदल करूनही मजकूर बिनअडथळा वाचता आला, तर दुवा अजून जुळलेला नाही.